पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब: वापरकर्त्यांच्या आकड्यापासून बँडविड्थपर्यंत

प्रश्न: "फोटो शेअर करण्याची सेवा रोज १ कोटी लोक वापरतील असे सांगितले की पुढे काय करायचे ते मला सुचत नाही. त्या एका आकड्यावरून सेकंदाला किती रिक्वेस्ट येतील, किती स्टोरेज आणि किती बँडविड्थ लागेल, हे कागदावर कसे काढायचे? आणि उत्तर फार चुकलेले नाही हे कसे कळणार?"

सुरुवात त्या १ कोटीपासूनच करावी लागते. हा आकडा नोंदणी केलेल्यांचा आहे, महिन्यातून एकदा तरी येणाऱ्यांचा आहे की रोज येणाऱ्यांचा, हे आधी विचारून घ्यावे, कारण या तीन आकड्यांत सहज दहा पटींचा फरक असू शकतो आणि पुढची कोणतीही काटेकोर आकडेमोड तो भरून काढू शकत नाही. तुम्ही रोज वापरणारे १ कोटी म्हटले आहे, म्हणून तेच धरतो. परंतु सर्व्हरवर भार पडतो तो माणसाच्या कृतीमुळे, त्याच्या केवळ असण्यामुळे नव्हे. त्यामुळे दुसरा प्रश्न असा की एक माणूस दिवसभरात काय करतो. आपण असे धरू की पाचपैकी एक जण दिवसाला एक फोटो टाकतो, आणि प्रत्येक जण दिवसातून पाच वेळा ॲप उघडून दर वेळी फीडची दोन पाने पाहतो, ज्यांत प्रत्येकी दहा फोटो असतात. ही वाक्ये आकड्यांसकट कागदाच्या वरच्या भागात स्वच्छ लिहून ठेवावीत, कारण उद्या वाद होईल तो या वाक्यांवर व्हावा, खालच्या गुणाकारांवर नव्हे.

यातून दिवसाचे तीन आकडे निघतात: २० लाख अपलोड, फीडच्या १० कोटी रिक्वेस्ट आणि फोटोंच्या १०० कोटी रिक्वेस्ट. फीडची रिक्वेस्ट आणि त्या फीडमधील प्रत्येक फोटोची रिक्वेस्ट या वेगळ्या मोजायच्या असतात. पहिली ॲप्लिकेशन सर्व्हर आणि डेटाबेसकडे जाते, तर दुसरी फाइल पाठवणाऱ्या यंत्रणेकडे. दोन्ही एकत्र केल्या तर कोणत्या यंत्राला किती काम आहे हे कळेनासे होते.

दिवसाचा आकडा सेकंदावर आणताना ८६,४०० ने भागावे लागते. पुष्कळ जण सोयीसाठी १ लाखाने भागतात. त्यात उत्तर सुमारे १४ टक्क्यांनी कमी येते, आणि ढोबळ हिशेबात तेवढे चालते. मी स्वतः एकच गोष्ट लक्षात ठेवतो: दिवसाला १० लाख म्हणजे सेकंदाला साधारण १२. त्या मापाने सेकंदाला २४ अपलोड, फीडच्या १,२०० रिक्वेस्ट आणि फोटोंच्या १२,००० रिक्वेस्ट होतात.

ही मात्र सरासरी आहे, आणि यंत्रणा सरासरीला कधीच कोलमडत नाही. गर्दीच्या वेळेसाठी "तिप्पट धरा" असे सर्रास सांगितले जाते, पण ही तिप्पट कुठून येते हे माहीत असलेले बरे. दिवसाच्या एकूण रिक्वेस्टपैकी सर्वांत गजबजलेल्या एका तासात किती वाटा येतो हे पाहावे आणि त्याला २४ ने गुणावे. भार दिवसभर अगदी सारखा असता तर हा वाटा २४ वा भाग असता आणि गुणक १ आला असता. एका तासात १२ टक्के येत असतील तर गुणक २.९ होतो, म्हणजे साधारण ३. सेवा एकाच वेळक्षेत्रात वापरली जात असेल तर हा गुणक मोठा असतो आणि जगभर पसरलेली असेल तर लहान. कोणतीही जुनी, मिळतीजुळती सेवा हाताशी असेल तर तिच्या लॉगमधून हा वाटा दहा मिनिटांत काढता येतो. आपण ३ धरू. म्हणजे गर्दीच्या वेळी सेकंदाला ७२ अपलोड, फीडच्या ३,६०० आणि फोटोंच्या ३६,००० रिक्वेस्ट.

बहुतेकांचा हिशेब येथे थांबतो, आणि मला वाटते खरी चूक येथेच होते. बाहेरून आलेल्या एका रिक्वेस्टमुळे आत किती कामे निर्माण होतात हे काढल्याशिवाय ३,६०० हा आकडा मोठा की लहान हे सांगताच येत नाही. समजा, एक माणूस सरासरी २०० जणांना फॉलो करतो. फीड मागितल्या क्षणी त्या २०० जणांचे ताजे फोटो शोधून एकत्र करायचे ठरवले, तर सेकंदाला ३,६०० गुणिले २००, म्हणजे ७ लाख २० हजार शोध होतात. त्याऐवजी फोटो टाकला गेल्याबरोबर प्रत्येक फॉलोअरच्या तयार फीडमध्ये एक नोंद करून ठेवायची ठरवली, तर ७२ गुणिले २००, म्हणजे सेकंदाला १४,४०० नोंदी होतात. फॉलो करण्याचे प्रत्येक नाते दोन्ही बाजूंनी एकदाच मोजले जाते, म्हणून एखादा सरासरी जितक्यांना फॉलो करतो तितकेच त्याचे सरासरी फॉलोअर असतात. म्हणून दोन्हीकडे २०० चालतात. दोन मार्गांतला हा ५० पटींचा फरक म्हणजे ३,६०० आणि ७२ यांचे गुणोत्तरच आहे. वाचन लेखनापेक्षा जितक्या पटींनी जास्त, तितके काम लिहितानाच उरकून ठेवणे फायद्याचे. आराखड्यातील एक मोठा निर्णय या दोन गुणाकारांतून झाला, आणि २०० ऐवजी १५० किंवा ३०० धरले असते तरी तो बदलला नसता.

या सरासरीत एक धोका लपलेला आहे. ज्याचे ५० लाख फॉलोअर आहेत अशा एका खात्याने एक फोटो टाकला, तर ५० लाख नोंदी कराव्या लागतील. आपली यंत्रणा सेकंदाला १५,००० नोंदी पेलेल अशी बांधली असेल, तर या एका फोटोला साडेपाच मिनिटे लागतील आणि तोवर इतर सर्वांचे फोटो रांगेत थांबतील. म्हणून अशा मोजक्या खात्यांचे फोटो आधी वाटून न ठेवता फीड वाचताना मिसळायचे, अशी दुहेरी पद्धत वापरली जाते. सरासरीवरून हिशेब केला की नेहमी आणखी एक ओळ लिहावी: सर्वांत मोठ्या एका घटकाचे काय होईल?

आता सर्व्हर किती लागतील ते पाहू. येथे १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम फार उपयोगी पडतो: एकाच वेळी यंत्रणेत असलेल्या रिक्वेस्टची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ.

```
फीड   : ३,६०० प्रति सेकंद × ०.१ सेकंद = ३६०
अपलोड :    ७२ प्रति सेकंद × १० सेकंद  = ७२०
```

फीडची रिक्वेस्ट १०० मिलिसेकंदांत पुरी होते, पण मंद मोबाइल नेटवर्कवरून २ एमबीचा फोटो चढायला १० सेकंद लागू शकतात. त्यामुळे संख्येने ५० पट कमी असूनही अपलोड दुप्पट जागा अडवून बसतात. ज्या सर्व्हरमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला एक थ्रेड दिला जातो, तेथे हे अपलोड सगळे थ्रेड खाऊन टाकतात आणि प्रोसेसर रिकामा असतानाही फीड अडते. केवळ सेकंदाला किती रिक्वेस्ट हे पाहणाऱ्याला हा प्रकार दिसत नाही. फोटो ॲप्लिकेशन सर्व्हरमधून न नेता थोड्या मुदतीची परवानगी देऊन थेट ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये चढवण्याची पद्धत रूढ आहे; तिच्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

फीडसाठी, एक सर्व्हर चाचणीत सेकंदाला ३०० रिक्वेस्ट नीट हाताळतो असे धरले, तर ३,६०० साठी १२ सर्व्हर पुरतात. पण सर्व्हर पूर्ण क्षमतेच्या जवळ चालवायचा नसतो. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात एकूण लागणारा वेळ हा मूळ कामाच्या वेळेच्या इतका पट होतो: १ भागिले उरलेली मोकळी क्षमता. सर्व्हर ६० टक्के व्यग्र असेल तर अडीच पट, ९० टक्के असेल तर दहा पट. म्हणून ६० टक्क्यांवर चालवायचे ठरवून २० सर्व्हर घेतो. ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी विभागलेले असतील आणि एक ठिकाण बंद पडले तरी उरलेल्या दोघांनी भार पेलावा अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक ठिकाणी १० याप्रमाणे ३० लागतात. हे "चाचणीत ३००" मात्र खरोखर मोजलेले असावे. याच ठिकाणी लोक सर्वांत जास्त मनाचे आकडे घालतात.

साठवणीचा भाग सरळ आहे. मूळ फोटो २ एमबी, फीडसाठी लहान केलेली प्रत २०० केबी आणि थंबनेल २० केबी, असे मिळून एका फोटोला सुमारे २.२ एमबी. दिवसाला २० लाख फोटो म्हणजे ४.४ टीबी आणि वर्षाला साधारण १.६ पीबी. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवल्या तर ४.८ पीबी लागतील. त्याऐवजी इरेजर कोडिंग वापरून माहितीच्या सहा तुकड्यांमागे तीन जादा तुकडे ठेवले, तर नऊपैकी कोणतेही तीन गमावले तरी फोटो परत मिळतो आणि जागा दीडपट, म्हणजे २.४ पीबी लागते. वर्षभरात वापरकर्ते सारख्या गतीने १ कोटीचे २ कोटी होणार असतील, तर वर्षाची सरासरी दीड कोटी येते, म्हणून हे सगळे दीडपट करावे. केबी १,००० बाइटचा की १,०२४ चा, या वादात शिरू नये; टीबीपर्यंत पोहोचल्यावरही त्यातून १० टक्क्यांचाच फरक पडतो.

फोटोची माहिती, म्हणजे कोणी टाकला, केव्हा, मथळा काय, फाइल कुठे आहे, हे सगळे ५०० बाइटमध्ये बसते असे धरले तर दिवसाला १ जीबी आणि वर्षाला ३६५ जीबी होते. एवढी माहिती एका डेटाबेस यंत्रावर आरामात मावते. आकारमानाच्या भीतीने पहिल्या दिवसापासून हा डेटाबेस दहा तुकड्यांत वाटण्याचे कारण उरत नाही, आणि केवळ हे कळण्यासाठीसुद्धा हा हिशेब करण्यासारखा आहे.

बँडविड्थकडे आले की पहिली खबरदारी एककाची. साठवण बाइटमध्ये मोजतात आणि नेटवर्क बिटमध्ये. मध्ये आठने गुणायचे राहून गेले की पुढचे सगळे आठ पटींनी चुकते. गर्दीच्या वेळी सेकंदाला ३६,००० फोटो, प्रत्येकी २०० केबी, म्हणजे सेकंदाला ७.२ जीबी. आठने गुणून सुमारे ५८ जीबीपीएस. उलट दिशेने ७२ अपलोड गुणिले २ एमबी म्हणजे सुमारे १.२ जीबीपीएस. दिवसाच्या मापात सांगायचे तर रोज ४.४ टीबी साठते आणि २०० टीबी बाहेर जाते. या सेवेचा खरा भार डिस्कवर नाही, बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. फीडमधील प्रतीचा आकार २०० केबीवरून १०० केबीवर आणणारा चांगला इमेज फॉरमॅट रोजचे १०० टीबी वाचवतो. मूळ फोटो कितीही दाबून लहान केला तरी साठवणीतून रोजचे ४ टीबीसुद्धा वाचत नाहीत. कुठे मेहनत घ्यायची, ते यावरून ठरते.

हे ५८ जीबीपीएस सगळे आपल्या यंत्रणेतून जात नाहीत, कारण पुढे सीडीएन असतो, म्हणजे फोटोंच्या प्रती आपल्या कॅशमध्ये ठेवून वापरकर्त्याला जवळूनच देणाऱ्या सर्व्हरचे जाळे. दहापैकी नऊ फोटो सीडीएनच्या कॅशमधून दिले गेले, तर मागे ५.८ जीबीपीएस आणि सेकंदाला ३,६०० फोटो उरतात. येथे लोक कॅशमधून मिळण्याचे प्रमाण ९० टक्के की ९५ टक्के, याकडे किरकोळ फरक म्हणून पाहतात. मागच्या यंत्रणेला मात्र जे कॅशमध्ये मिळत नाही तेवढेच दिसते, आणि ते १० टक्क्यांवरून ५ टक्के होते, म्हणजे निम्मे. म्हणून नेहमी न मिळण्याचे प्रमाण लिहून त्यावर गुणाकार करावा.

हा आकडा किती नाजूक असतो ते मी एका प्रकल्पात पाहिले आहे. नव्या आवृत्तीत फोटोच्या पत्त्यातील आकार दाखवणारा भाग थोडा बदलला गेला. फोटो तेच होते, पण सीडीएनच्या दृष्टीने प्रत्येक पत्ता नवा होता, त्यामुळे भरलेली कॅश एका क्षणात निरुपयोगी झाली आणि आमचा मूळ साठा नेहमीच्या दहा पट मागणीखाली सापडला. उत्तरे उशिरा येऊ लागल्यावर मोबाइल ॲपने तीच मागणी पुन्हा पुन्हा केली, आणि भार आणखी वाढला. वापरकर्त्यांची संख्या त्या दिवशी अजिबात बदलली नव्हती. तेव्हापासून मी कागदावर बँडविड्थच्या ओळीखाली एक जादा ओळ लिहितो: कॅश रिकामी असताना किती? आपल्या उदाहरणात ते उत्तर पुन्हा ५८ जीबीपीएस आहे. तेवढी क्षमता बांधून ठेवणे परवडत नाही, पण कॅश हळूहळू भरेल अशा टप्प्यांनी नवी आवृत्ती सोडणे आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या मागण्या नाकारणे, हे दोन उपाय आधीच तयार ठेवता येतात.

आता उत्तर विश्वासार्ह आहे का, हे तपासण्याविषयी. पहिली तपासणी एका माणसाच्या बाजूने करावी. आपल्या गृहीतकांप्रमाणे एक माणूस दिवसाला १०० फोटो पाहतो. एका फोटोवर तीन सेकंद रेंगाळला तर पाच मिनिटे होतात आणि २० एमबी डेटा खर्च होतो. हे पटण्यासारखे आहे. कोणी दिवसाला २,००० फोटो धरले असते तर १०० मिनिटे आणि ४०० एमबी आले असते, आणि गृहीतक फसल्याचे तेथेच दिसले असते.

दुसरी तपासणी एखाद्या प्रत्यक्ष सेवेच्या प्रसिद्ध आकड्यांशी. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० साली हेस्टॅक या त्यांच्या फोटो साठवण यंत्रणेवर जो शोधनिबंध मांडला, त्यात रोज सुमारे १२ कोटी फोटो टाकले जातात आणि ८,००० ते १०,००० कोटी वेळा फोटो पाहिले जातात असे दिले आहे. म्हणजे टाकलेल्या प्रत्येक फोटोमागे साधारण ६७० ते ८३० वेळा पाहणे. आपल्या उदाहरणात हे गुणोत्तर ५०० येते, तेव्हा आपण त्याच घरात आहोत. त्यांच्या आकड्यांत पाहिल्या गेलेल्या फोटोंपैकी सुमारे १,००० कोटीच मूळ साठ्यातून वाचले जात होते, म्हणजे साधारण दहापैकी एक. आपण धरलेले कॅशचे प्रमाण त्याच्याशी जुळते. एकूण संख्या सेवेगणिक बदलतात, पण अशी गुणोत्तरे बरीच टिकून असतात, म्हणून तुलना गुणोत्तरांची करावी.

तिसरी गोष्ट सावधगिरीच्या जादा भराविषयी. गृहीतके एकमेकांना गुणली जातात. चार गृहीतकांत कुठे थोडे जास्त, कुठे थोडे कमी झाले तर चुका काही अंशी एकमेकींना खोडतात. पण प्रत्येक ठिकाणी "असू द्या, सुरक्षित" म्हणून दीडपट धरले, तर शेवटी पाचपट फुगवलेले उत्तर मिळते आणि ते कोणत्या पायरीवर फुगले हे कोणालाच सांगता येत नाही. गृहीतके जमेल तितकी खरी ठेवावीत आणि जादा क्षमता एकदाच, शेवटी, उघडपणे लिहावी. वर ६० टक्क्यांचा नियम आणि तिसऱ्या ठिकाणाचे जादा सर्व्हर अशाच रीतीने वेगळे दाखवले आहेत.

सेवा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तीन आकडे मोजून या कागदावरचे आकडे खोडावेत: गजबजलेल्या तासाचा वाटा, फीडमधील फोटोचा प्रत्यक्ष सरासरी आकार आणि कॅशमध्ये न मिळण्याचे प्रमाण. किती जण फोटो टाकतात हा आकडा थोडा मागाहून मोजला तरी चालतो. पाचपैकी एकाऐवजी दहापैकी एक निघाला तर वर्षाची साठवण निम्मी होईल, पण बाहेर जाणारे २०० टीबी, सीडीएनची गरज आणि लिहितानाच फीड तयार ठेवण्याचा निर्णय यांपैकी काहीच बदलणार नाही.